उणे अठरा

१९७४ सालचा मे महिना, दुसरा रविवार. रक्कम म्हणाल तर दर उत्तरपत्रिकेला साठ पैसे, आणि मुख्य परीक्षकांना त्याशिवाय दीडशे रुपये मानधन. हजर माणसं सहा: मुख्य परीक्षक म्हणून आमचे सर, आणि सातारा-सांगलीकडच्या कॉलेजांतले आम्ही पाच परीक्षक. जागा साताऱ्यात सरांच्या घरची पुढची खोली. काकू चहापुरत्या येऊन गेल्या, त्यांना मी हजर माणसांत धरलेलं नाही.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर होता. तेव्हा उत्तरपत्रिका परीक्षकांच्या घरी येत. जाड कापडात शिवलेले, लाखेचे शिक्के मारलेले गठ्ठे पार्सलने यायचे आणि महिनाभर घरातल्या कपाटावर बसायचे. त्याआधी एक बैठक व्हायची. मुख्य परीक्षक प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आणि गुणांची वाटणी सांगायचे आणि बाकीचे उतरवून घ्यायचे. प्रश्नपत्रिका काढणारा माणूस वेगळा, तो कोण हे आम्हाला ठाऊक नसे. नमुना उत्तरं मात्र मुख्य परीक्षकांनी स्वतः सोडवलेली असत.

आमच्या बैठकीत एक रीत पडून गेली होती. सर सांगत आणि आम्ही लिहीत असू. मधे कुणी विचारत नसे. आम्हा पाचांपैकी चौघे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या फळ्यावरून उतरवून घेतलं, त्यांच्याकडून पुन्हा उतरवून घेताना हात आपोआप चालतो. त्या रविवारीही तसाच चालला. प्रश्न चौथा, उपप्रश्न क, चार गुण. सरांनी उत्तर सांगितलं अठरा. मी अठरा लिहिलं. त्या वेळी माझ्या समोर प्रश्नपत्रिका उघडी नव्हती, शेजारच्याने ती वारा घ्यायला घेतली होती.

सरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा दूर नोकरीला, शिकवण्या त्यांनी कधी केल्या नाहीत. वर्षाकाठी हे एक काम त्यांच्याकडे उरलं होतं. काकू सांगत की एप्रिल लागला की ते ती खोली स्वतः झाडतात, कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करतात आणि पोस्टमनला दोनदा विचारतात, पार्सल आलं का म्हणून. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि फळा ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता. निघताना त्यांनी मला विचारलं, "मुलगी कितवीत आता?" मी म्हणालो, आठवीत. चपला घालेपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं, "मुलगी कितवीत रे आता?" मी पुन्हा आठवीत म्हणालो. वय झालं की होतं असं, एवढंच मनात आलं.

सांगलीला परत आलो आणि मंगळवारी तपासायला बसलो. आमचं घर दोन खोल्यांचं. मे महिन्यात दुपारी पत्रा तापायचा, म्हणून मी पहाटे आणि संध्याकाळी तपासत असे. मुलांना त्या कोपऱ्यात यायची बंदी. पहिल्याच उत्तरपत्रिकेत चौथ्या प्रश्नातल्या क चं उत्तर होतं उणे अठरा. मी लाल पेन्सिलीने चिन्हाभोवती गोल काढला आणि गुण कापायला गेलो. पोराच्या पायऱ्या नीट होत्या, म्हणून चिन्ह कुठं चुकलं ते शोधायला लागलो. चुकलेलं सापडेना. तेव्हा प्रश्नपत्रिका उघडली.

गणित अगदी साधं होतं. दोन क्ष अधिक एक, याचं निश्चित संकलन करा. आम्ही बोलताना इंटिग्रल म्हणतो. त्याला दोन मर्यादा असतात, कुठून सुरुवात करायची ती खाली लिहितात आणि कुठवर जायचं ती वर. नेहमी लहान आकडा खाली आणि मोठा वर असतो. इथं छापलं होतं खाली चार आणि वर एक. छपाईची चूक नव्हती, कारण पुढच्या उपप्रश्नात तोच खालीवरचा मुद्दा दुसऱ्या शब्दांत विचारला होता. पेपर काढणाऱ्याने मुद्दाम उलटं ठेवलं होतं, पोरांना नियम कळलाय का ते बघायला.

दोन क्ष अधिक एक याचं संकलन होतं क्ष वर्ग अधिक क्ष. वरची मर्यादा एक, ती घातली की दोन येतात. खालची चार, ती घातली की वीस. वरच्यातून खालचं वजा करायचं. दोन वजा वीस, उणे अठरा. ज्याने मर्यादा उलटवून घेतल्या, म्हणजे एक खाली आणि चार वर केले, त्याने आधी बाहेर उणे चिन्ह लावायला हवं. मग आत अधिक अठरा येतात आणि बाहेरच्या चिन्हाने उणे अठराच होतात. दोन्ही वाटांनी उत्तर एकच. सरांनी सांगितलेलं अठरा चूक होतं.

मी ते तीनदा केलं. मग बाकीच्या पत्रिकांत फक्त तेवढाच प्रश्न बघत गेलो. बरीच पोरं उणे अठरावर पोचली होती. काहींनी मर्यादा नेहमीसारख्या करून घेतल्या आणि बाहेरचं चिन्ह विसरली, त्यांचं अठरा आलं. काहींनी तर बरोबर उणे अठरा आणून मग चिन्ह खोडलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, क्षेत्रफळ ऋण नसते. नमुन्याप्रमाणे गुण द्यायचे म्हणजे चिन्ह खोडणाऱ्याला चार आणि न खोडणाऱ्याला दोन. एका पत्रिकेची बेरीज तेहतीस होत होती. उणे अठराला पूर्ण गुण दिले तर पस्तीस, पास.

बायको भाकरीचं पीठ मळत होती. म्हणाली, "अहो, सकाळपासून एकाच पानावर काय बसलाय?"

मी म्हणालो, "सरांनी उत्तर चुकीचं सांगितलंय."

"मग बरोबर लिहा की. तुम्हाला येतंय ना?"

"मी एकट्याने बदलून चालत नाही. पाचही जणांनी तेच उत्तर धरलंय. सरांनीच कळवायला पाहिजे सगळ्यांना."

ती म्हणाली, "सर चुकले, असं तुम्ही त्यांना सांगणार?"

शुक्रवारी सकाळची साताऱ्याची गाडी धरली.

सरांकडे जाण्याआधी मी साताऱ्यातल्या परीक्षकाकडे गेलो. हा माझ्या मागच्या वर्गातला, फलटणकडच्या ऊसवाल्या घरातला. गणितात माझ्यापेक्षा चलाख आणि बोलायला त्याहून. लुंगीवर अंगणात उत्तरपत्रिका पसरून बसला होता, चार दगड ठेवून, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

"या सांगलीकर! हळदीचा भाव पडला का, की एकदम सातारा आठवलं?"

मी प्रश्नाचा नंबर सांगितला. त्याने मान हलवली नाही की प्रश्नपत्रिका उघडली नाही.

"उणे अठरा," तो म्हणाला. "मला रविवारीच कळलं."

"रविवारी? मग बोलला का नाहीस?"

"गड्या, तू सरांच्या समोर बसला होतास. मी बाजूला होतो. मला त्यांचा कागद दिसत होता. त्यांनी आधी उणे लिहिलं होतं. मग खोडलं. मग परत लिहिलं आणि परत खोडलं. लय वेळ तिथंच बोट ठेवून होते." तो एक दगड उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवू लागला. "मागच्या महिन्यात मी त्यांना पवई नाक्यावर बघितलं. घरी जायचं होतं, उलट्या बाजूला चालले होते. मी म्हटलं सर, तिकडं कुठं? तर म्हणाले, घरी. घर इकडं हाय म्हटल्यावर माझ्याकडं असं बघितलं त्यांनी, की मीच खोटं बोलतोय."

मी ओट्यावर बसलो.

"मी काय करतोय सांगू?" तो म्हणाला. "उणे अठराला पण चार, नुसत्या अठराला पण चार. कुणाचं नुकसान न्हाई. तू पण तसंच कर. हे त्यांचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी विद्यापीठ आपणहून बदलंल."

"आणि बाकीचे तिघे?"

"ते देतील सरांनी सांगितल्यासारखं."

"म्हणजे तुझ्या गठ्ठ्यातला पोरगा पास आणि विट्याच्या परीक्षकाच्या गठ्ठ्यातला त्याच उत्तराला नापास. शिवाय ज्याने चिन्ह खोडलं त्याला पूर्ण गुण. त्याला आपण काय शिकवलं? की उणे दिसलं की पुसून टाकायचं?"

"तू काय देव लागून गेलास का रं?" तो चिडला. "चार गुणांसाठी त्या म्हाताऱ्याच्या पोटावर पाय देणार? पोट म्हणजे पैसे न्हाई म्हणत मी. त्यांच्याकडं दुसरं काय राहिलंय? वरती कळलं की मुख्य परीक्षकाला साधं इंटिग्रल येत न्हाई, तर गावभर होईल. हीच चाळीस वर्षं शिकवलेली पोरं हसतील."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हणालो, "मी वर कळवायला आलो नाही. सरांना सांगायला आलोय."

"मग जा. मी येणार न्हाई."

मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सर घरी होते. मला बघून आनंदले. काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं, सांगलीहून आलाय. पोहे कर." मग गठ्ठ्यांची चौकशी केली, सांगलीत पाणी कसं आहे विचारलं. मुलगी कितवीत हेही विचारलं.

मी प्रश्नपत्रिका काढून समोर ठेवली आणि सांगितलं, शक्य तेवढं हळू. सर, चौथ्यातल्या क मधे खाली चार आणि वर एक आहे. उत्तर उणे अठरा येतं.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि उठून फळ्याशी गेले. एक तिरपी रेघ काढली, एक आणि चारवर उभ्या रेघा टाकल्या, मधला भाग खडूने भरला. खडू धरायची तीच पद्धत, दोन बोटं आणि अंगठा.

"एकापाशी उंची तीन," ते म्हणाले. "चारपाशी नऊ. सरासरी सहा, रुंदी तीन. सहा त्रिक अठरा. हा समलंब चौकोन डोळ्यांना दिसतोय. कुठं आहे यात उणे?"

मी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात मर्यादा लिहिल्या, खाली चार, वर एक. "सर, हे क्षेत्रफळ झालं. क्षेत्रफळ अठराच. पण प्रश्नात क्षेत्रफळ विचारलेलं नाही. चारपासून एकपर्यंत जायला सांगितलंय. उजवीकडून डावीकडे. प्रत्येक पट्टीची उंची धन आहे, पण पाऊल मागं पडतंय, म्हणून रुंदी ऋण. धन गुणिले ऋण..."

"मला शिकवतोस?"

आवाज मोठा नव्हता. पण मी तो आवाज वर्गात कधी ऐकला नव्हता.

"क्षेत्रफळ ऋण असतं, असं सांगायला आलास सांगलीहून? तुला पहिल्या वर्षाला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, सर."

"मग?"

ते फळ्याकडे वळले आणि भरलेला भाग पुन्हा भरू लागले. खडू तुटला तरी उरलेल्या तुकड्याने घासत राहिले. काकू पोह्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनी बाहेर यायला सांगितलं.

मागच्या पडवीत त्या म्हणाल्या, "दुपारनंतर असंच होतं. सकाळी बरे असतात. सदऱ्याची बटणं लावतात, पुन्हा काढतात, पुन्हा लावतात. मी बोलत नाही काही." मग, "गठ्ठे परत मागायला आलास का?"

"नाही काकू."

"मागू नकोस. गठ्ठे आले ना, त्या दिवशी रात्री हे शांत झोपले. किती दिवसांनी."

मी त्या दिवशी सांगलीला परत गेलो नाही. रात्री त्या फलटणवाल्याच्याच घरी राहिलो. त्याने काय झालं ते विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्याला समजलं असावं. जेवताना एवढंच म्हणाला, "मी सांगितलं होतं." त्यात जिंकल्याचा सूर नव्हता.

सकाळी पुन्हा गेलो. भांडायला नव्हे, निरोप घ्यायला. मनात ठरवलं होतं की माझ्या गठ्ठ्यापुरतं बरोबर उत्तर धरायचं आणि शेरा लिहून पाठवायचं, मग त्यातून जे निघेल ते निघेल. सर अंगणात तांब्या घेऊन तोंड धूत होते. मला बघून म्हणाले, "अरे, कधी आलास?" कालचं त्यांना आठवत नव्हतं, निदान तसं वाटलं.

आत गेल्यावर त्यांनी फळा पाहिला. त्यावर कालचा समलंब चौकोन तसाच होता, खडूने गच्च भरलेला. ते त्याच्यासमोर थांबले. खालच्या कोपऱ्यात मी काल लिहिलेल्या मर्यादा होत्या, खाली चार, वर एक.

"हे कुणाचं?" ते म्हणाले.

"पेपरातलं आहे, सर. चौथा क."

त्यांनी फडकं घेऊन सगळा फळा पुसला. मग माझ्याकडे न बघता, वर्गात बोलायचे तसे बोलू लागले.

"यवतेश्वरचा घाट चढलायस?"

"हो सर. तुम्हीच नेत होता."

"घाटात प्रत्येक पावलाला थोडा चढ. ते सगळे छोटे चढ मिळवत गेलास तर एकूण काय मिळतं?"

"वर किती आलो ते."

"वरून खाली ये आता. रस्ता तोच. प्रत्येक ठिकाणचा उतार-चढाव तोच, दगड न् दगड तिथंच. बदललं काय? तुझं तोंड. पाऊल उलट्या दिशेला पडतंय. म्हणून प्रत्येक तुकड्याचं चिन्ह उलटलं, म्हणून बेरजेचंही उलटलं. आणि पटत नसेल तर जाणं आणि येणं एकत्र कर. घरातून निघालास, घरी परत आलास. उंचीत फरक किती?"

"शून्य."

"दोन बेरजांची बेरीज शून्य. म्हणजे एक दुसरीची उणे असलीच पाहिजे. दुसरा मार्गच नाही." त्यांनी लिहायला सुरुवात केली. क्ष वर्ग अधिक क्ष. वर एक, दोन आले. खाली चार, वीस आले. दोन वजा वीस. उणे चिन्ह त्यांनी लांब, ठसठशीत काढलं. "उणे अठरा. पोरं इथं घाबरतात. त्यांना वाटतं उत्तर ऋण आलं म्हणजे आपलं चुकलं. ऋण येणं ही चूक नव्हे. कुठल्या दिशेने गेलो ते चिन्ह सांगतं. चिन्ह खोडलं तर अर्धं उत्तर खोडलं."

वीस वर्षांपूर्वी हेच, जवळजवळ याच शब्दांत, मी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "कुणी अठरा लिहिलंय का? गुण कापायचे. एक पायरीचा द्या फार तर, मर्यादा नीट घातल्या असतील तर दोन."

टेबलावर बैठकीतला त्यांचा नमुना उत्तरांचा कागद होता, तो मी पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. चौथा, क. उणे, खोडलेलं. पुन्हा उणे, पुन्हा खोडलेलं. शेवटी अठरा.

"हे माझं अक्षर," ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. सर खुर्चीवर बसले. कागद मांडीवर ठेवून बराच वेळ खोडलेल्या चिन्हावरून अंगठा फिरवत राहिले, जसं काही ते उमटून वर येईल.

"काल आला होतास तू," ते म्हणाले. "मी रागावलो का?"

"नाही सर."

"खोटं बोलू नकोस. गणितवाला आहेस."

मग त्यांनी काकूंना कागद आणि दौत आणायला सांगितली. पहिल्यांदा सगळ्या परीक्षकांसाठी सूचना लिहिली. चौथा क, उत्तर उणे अठरा. नुसत्या अठराला, चिन्ह खोडलं असल्यास किंवा मर्यादा उलटवून चिन्ह लावलं नसल्यास, दोन गुण. कारण दोन ओळींत. ती मला देऊन म्हणाले, "बघ. बरोबर आहे का?" मी बरोबर म्हणालो. "नीट बघ. मला आता माझा भरवसा नाही." मी पुन्हा वाचली. मग दुसरा कागद घेतला. तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला होता. प्रकृतीच्या कारणाने मुख्य परीक्षकाच्या कामातून मुक्त करावं, आणि नमुना उत्तरांत आपल्या हातून एक चूक झाली असून ती दुरुस्त केली आहे, प्रश्न क्रमांक अमुक.

मी म्हणालो, "सर, चूक लिहायची गरज नाही. सूचना गेली की झालं. नुसतं प्रकृतीचं लिहा."

"का?"

काकू दारात होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं वर्ष करा की. चूक दुरुस्त झाली ना? हा मदत करेल."

"आणखी कुठं खोडलंय ते मला ठाऊक आहे का?" सर म्हणाले. "बाकीच्या उत्तरांचं काय? सकाळी मी बघतो, ठीक असतं. संध्याकाळी मीच पुसतो. पोरांचे गुण संध्याकाळवर ठेवायचे?"

त्यांनी सही केली. तारीख घालताना महिना चुकला, तो मी दाखवला. त्यांनी दुरुस्त करून शेजारी पुन्हा छोटी सही केली, नियमाप्रमाणे. मग म्हणाले, "गठ्ठे त्या फलटणवाल्याकडे दे. तो हुशार आहे. थोडा आळशी, पण हुशार." आणि कपाटाचा वरचा कप्पा मला उघडून दिला. ते स्वतः खुर्चीवरून उठले नाहीत. मी आणि काकूंनी गठ्ठे खाली काढले. टांग्यात ठेवताना काकू बाहेर आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. मी नमस्कार करायला वाकलो तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले.

विद्यापीठाने सरांच्या जागी फलटणवाल्याला मुख्य परीक्षक नेमलं. बाकीच्या नमुना उत्तरांत आणखी एक चूक निघाली, एका गुणाची. फलटणवाल्याने सगळ्यांचा चौथा प्रश्न पुन्हा तपासून घेतला आणि स्वतःच्या गठ्ठ्यातलेही चिन्ह नसलेल्यांचे गुण कापले. मला त्याने पोस्टकार्ड टाकलं, एवढंच लिहिलेलं: कापले, बरं वाटलं का? निकाल वेळेवर लागला. माझ्या गठ्ठ्यातला तेहतीसवाला पस्तीसने पास झाला. तो कोण, कुठला, ते मला माहीत नाही, कारण पत्रिकेवर फक्त नंबर असतो.

पावसाळ्यानंतर मी एकदा सरांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं, पण काय करतोस म्हणून विचारलं. फळा भिंतीवरून काढून मागच्या पडवीत आडवा टाकला होता आणि त्यावर काकूंनी पापडांची चाळण वाळत ठेवली होती. काकूंनी चहा दिला. साखर विचारली नाही, तेवढंच.

पैसे दिवाळीच्या सुमारास आले. माझे उत्तरपत्रिकांचे साठ पैशांच्या दराने आले, पूर्ण. मुख्य परीक्षकाचं दीडशे रुपयांचं मानधन फलटणवाल्याला मिळालं. ते घेऊन तो सरांकडे गेला होता. सर त्या दिवशी सकाळच्या वेळी बरे होते. म्हणाले, "काम कुणी केलं? मग पैसे त्याचे," आणि हातही लावला नाही. म्हणून ते त्याच्याकडेच राहिले. सरांना विद्यापीठाने बैठकीचा टपाल आणि चहाखर्च मंजूर केला, अकरा रुपये चाळीस पैसे, मनीऑर्डरने. पोस्टमन आला तेव्हा सर झोपले होते, म्हणून ते काकूंना दिले गेले, त्यांच्या सहीवर.